वहिनीच्या घराला दुप्पट मीठ

माझ्या काकाला सगळे 'खारट' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण त्याला ते ठाऊक आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. हे नाव किराणा दुकानदारानं पाडलं. काका वायरमन. वायरमन माणूस सारखा येऊन खडेमिठाचं अख्खं पोतं खांद्यावर टाकून नेतो, म्हणजे यांच्या घरी खातात तरी काय, असा त्या दुकानदाराला प्रश्न पडायचा. काकानं एकदा त्याला नीट समजावून सांगितलं, की हे मीठ माणसाच्या पोटात जात नाही, जमिनीच्या पोटात जातं. दुकानदारानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून "आज खारट आले नाहीत का?" सुरू केलं.

आता, काकाचा स्वभाव साखरेसारखा आहे आणि नाव तेवढं उलटं पडलं, अशातलाही भाग नाही. घर बांधणारा माणूस झुंबर पसंत करायला चार दुकानं पालथी घालतो आणि अर्थिंगचा विषय निघाला की "ते करून टाका कसंतरी" म्हणतो. असं कुणी म्हटलं की काकाचं डोकं फिरतं. "झुंबर नसलं तर पाहुणे नावं ठेवतील. अर्थिंग नसलं तर पाहुणे भेटायला येतील आणि तुम्ही नसाल," असं तो घरमालकाला घरमालकाच्या बायकोसमोर सांगतो. त्यामुळे त्याची काही कामं गेली. त्यानंतरही तो असंच सांगत राहिला.

लहानपणी मी त्याच्या मागे मागे फिरायचे. अर्थिंग म्हणजे काय, हे मला शाळेच्या आधी त्यानंच शिकवलं. अंगणात उकिडवं बसून तो म्हणाला होता, "वीज घरात येते तिला ठरलेली वाट असते. कधी ती चुकते आणि फ्रीजच्या नाहीतर इस्त्रीच्या पत्र्यात शिरते. तिथून तिला जमिनीत जायचं असतं. आपण तिला वाट करून द्यायची. नाही दिली तर ती तुझ्यातून जाईल, तिला काय त्याचं." ती वाट म्हणजे जमिनीत उभा पुरलेला जस्त चढवलेला लोखंडी पाइप, किंवा तांब्याची जाड चौकोनी प्लेट. घरातल्या सगळ्या यंत्रांच्या हिरव्या वायरी शेवटी त्या एका ठिकाणी जाऊन मिळतात. भोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. कोळसा ओल धरून ठेवतो आणि खारट ओलीतून वीज विनातक्रार पसरते. कोळसाही लाकडाचा हवा, लोणारी. दगडी कोळशाची राख आणून देणाऱ्या एका ठेकेदाराला काकानं ती राख परत टेम्पोत भरायला लावली होती.

जागा निवडायची त्याची पद्धतही ठरलेली. घरात शिरल्या शिरल्या तो विचारतो, "मोरीचं पाणी कुठे जातं?" पायापासून जरा लांब, पण जिथे ओल टिकते तिथे त्याचा खड्डा. खड्डा भरत असताना तो जागचा हलत नाही. शेवटचा थर पडेपर्यंत काठावर उभा. चहासुद्धा तिथेच. खाली खडक लागला की पाइप अर्धा कापून पुरणारे वायरमन त्यानं पाहिलेत. वरून सगळं सारखंच दिसतं, बिडाचं झाकण, नरसाळं, रंग दिलेला नट. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण त्याला अजिबात आवडत नाही. "झाकलेल्या खड्ड्याची किंमत झाकणाऱ्यालाच माहीत असते," तो म्हणतो.

आजी गेली तेव्हा काका शाळेत होता आणि आई या घरात नुकतीच आलेली. दिराला वाढवायचं काम तिच्या अंगावर पडलं आणि तिनं ते कुरकुर न करता केलं. त्याच्या शर्टाची बटणं लावली, त्याच्या नापासाच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मारली, आणि तो वायरमनच्या हाताखाली लागला तेव्हा बाबा "घराण्यात कुणी खांबावर चढलं नाही" म्हणून रुसले असताना तिनं त्याला रबराचे बूट घेऊन दिले. काका तिला वहिनी म्हणतो आणि अरेतुरेत बोलतो. तीही त्याला कधी भाऊजी म्हणाली नाही.

त्याला परवाना मिळाला आणि त्याच सुमारास आमचं घर बांधायला निघालं. इथलं अर्थिंग हे त्याचं स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं पहिलं काम. मापानं जेवढं मीठ लागतं त्याच्या दुप्पट मीठ त्यानं त्या खड्ड्यात घातलं. ही गोष्ट तो प्रत्येक लग्नकार्यात सांगायचा. "वहिनीचं घर. तिथे मोजून घालू? दुप्पट घातलं." ऐकणारे वाहवा करायचे. आई म्हणायची, "पुरे आता, जेवून घे."

पुढे त्याचं लग्न झालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं घर झालं, कामं वाढली, आणि येणं कमी होत गेलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं येणं कमी झालं. बाबा गेल्यावर आई एकटीच राहू लागली. मी परगावी. आई फोनवर हसून सांगायची, "फ्यूज उडाला की मला दीर आठवतो, आणि तोवर दिराला मी आठवत नाही."

यंदा उन्हाळ्यात मी आठ-दहा दिवस राहायला आले होते. आल्या दिवशीच सकाळी भाजी धुऊन ओल्या हातानं फ्रीज उघडायला गेले आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी हात झटकला. आई ओट्याशी उभी होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "गिझर चालू आहे," ती म्हणाली, "आत्ता फ्रीजला हात लावू नकोस." दूध गरम आहे, जपून पी, असं सांगावं तशा आवाजात.

मग मला एकेक दिसायला लागलं. स्वयंपाकघरात चप्पल घालून आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवणारी माझी आई रबरी चपला घालून स्वयंपाक करत होती. फ्रीजच्या दांड्याला तिनं जाड फडकं गुंडाळून दोऱ्यानं शिवून टाकलं होतं. आंघोळीचं पाणी काढायच्या आधी ती गिझर बंद करत होती, आणि ते बटण दाबायला लाकडी उलथनं मोरीच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं होतं. अगदी नीट, व्यवस्थित संसार मांडला होता तिनं त्या शॉकशी.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झाली दोन-तीन वर्षं. गिझर लावला की होतं. बंद केला की काही नाही."

"काकाला सांगितलंस?"

तिनं गॅस बारीक केला. "त्याला काय सांगायचं? अर्थिंग त्यानंच केलंय. उगाच मनाला लावून घेईल."

मला भयंकर राग आला. आई एकटी राहते. ओल्या मोरीत पडली असती तर शेजारणीला दुपारी दूधवाल्याकडून कळलं असतं. आणि हिला काळजी कशाची, तर दिराच्या मनाची. मी फोन उचलला. ती "अगं थांब, मी सांगते त्याला सवडीनं" म्हणत मागे आली. "मनाला लावून घेऊ दे," मी म्हटलं आणि लावला.

काका अर्ध्या तासात आला. हातात त्याचा तो लाकडी पट्टीवरचा शंभराचा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी. त्याच्या उस्तादानं त्याला दिलेली हीच एक कसोटी: एक वायर प्लगच्या जिवंत टोकाला, दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटला तर अर्थिंग ठीक, मिणमिणला तर खराब. त्यानं वायरी टेकवल्या. बल्ब छान पेटला.

"बघ. ठणठणीत आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद स्पष्ट दिसला. "गिझरच्या कॉइलमधून गळती होतेय. कॉइल बदलतो. अर्थिंगला काय धाड भरलीय? दुप्पट मीठ आहे त्यात."

आई लगेच म्हणाली, "मी म्हटलंच होतं हिला."

मी म्हटलं, "काका, गळती गिझरमध्ये, मग चावतो फ्रीज का?"

त्यानं बल्बची पट्टी खाली ठेवली.

"वीज पत्र्यात शिरली तर तिनं वाटेनं जमिनीत जायला हवं. जास्त गेली तर फ्यूज उडायला हवा. ती जमिनीत न जाता हिरव्या वायरीनं उलटी फ्रीजमध्ये येतेय. म्हणजे पुढची वाट बुजलीय."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तूच. अंगणात."

काका बराच वेळ फ्रीजच्या दांड्यावरच्या फडक्याकडे बघत राहिला. त्यावरचे टाके त्याच्या ओळखीचे होते. मग त्यानं सगळ्यात आधी गिझरची वायर सोडवली, बटणाला टेप मारला, आणि बाहेर जाऊन लांब्याला फोन लावला.

लांब्या म्हणजे काकाबरोबर एकाच उस्तादाकडे शिकलेला सोबती. शिडीशिवाय छताला हात लावतो, म्हणून लांब्या. दोघांची मैत्री जुनी आणि भांडणही तितकंच जुनं. लांब्यानं फार पूर्वीच अर्थिंग मोजायचं यंत्र घेतलं. काका त्याला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायचा, नाडी बघायला यंत्र लागतं म्हणून. त्यामुळे स्वतः होऊन त्या यंत्राला घरी बोलवणं काकाला किती जड गेलं असेल, हे फोनवरच्या त्याच्या आवाजावरून कळत होतं. "तुझं ते घेऊन ये," एवढंच तो म्हणाला.

लांब्या आला. त्यानं मेन स्विच पाडला, झाकण उघडून पाइपवरची वायर सोडवली. मागच्या मोकळ्या जागेत एका रेषेत लांब अंतरावर दोन सळया ठोकल्या, यंत्राच्या वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. जमिनीत जाताना विजेला किती अडथळा होतो, तो आकडा मी वाकून वाचला. बासष्ट ओम.

"किती हवा?" आईनं विचारलं.

"घराला पाचाच्या आत," लांब्या म्हणाला.

काकानं सळया उपटून दुसरीकडे ठोकायला लावल्या. त्या जागी पाणी ओतलं. नरसाळ्यातून दोन बादल्या पाइपात ओतल्या. आकडा थोडा खाली आला आणि तिथेच अडून बसला. "पण बल्ब पेटला," काका म्हणाला. हे तो लांब्याला नाही, स्वतःलाच म्हणत होता.

लांब्याला टोमणा मारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. त्यानं मारला नाही. तो म्हणाला, "बल्बला लागतं किती? पेला भरायला बारीक धारही पुरते रे. पेला भरला म्हणून टाकी भरेल असं नाही. फ्यूज उडवायला टाकीएवढं पाणी लागतं. एवढ्याशा वाटेनं ते जातच नाही. वीज पत्र्यातच बसून राहते."

काकानं मान हलवली. "उद्या खणू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार, टिकाव, फावडं घेऊन आला. खणायला दोन माणसं आणली होती, पण पहिला घाव त्यानं स्वतः घातला. आई खिडकीतून "अरे, त्यांना खणू दे, तुझी कंबर" वगैरे म्हणत राहिली. झाकणाखाली पाइपचं डोकं अगदी नव्यासारखं होतं, काकानं पूर्वी दरवर्षी दिलेला रंग त्यावर अजून चकचकत होता. हातभर खाली गेल्यावर लांब्यानं पाइप धरून जरा हलवला, आणि वरचा तुकडा त्याच्या हातात आला.

खाली पाइप असा नव्हताच. पाणी झिरपावं म्हणून पाडलेली भोकं एकमेकांत मिसळून गेली होती, आणि मध्ये गंजाच्या पापुद्र्यांची एक उभी रांग उरली होती. बोट लावलं की चुरा. गंमत म्हणजे कोळसा होता तसाच होता, काळा, टणक, काल भरल्यासारखा. मिठाचं मात्र नाव नव्हतं. ते कधीच ओलीत विरघळून गेलं होतं आणि जाताना पाइप खाऊन गेलं होतं.

"इतक्या वर्षांत पाइप जातोच, पण इतका?" लांब्या म्हणाला. "मीठ किती..." आणि तो मध्येच गप्प झाला. आमच्या घरच्या सगळ्या लग्नांत तो जेवलेला होता.

काका मातीच्या ढिगावर बसला. "मीठ लोखंड खातं, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "तेव्हाही माहीत होतं. मापापेक्षा जास्त घालू नये, असं उस्तादानं बजावलं होतं. मला वाटलं, वहिनीचं घर आहे, जास्त घातलं तर जास्त चांगलं होईल." त्याच्या हातात तो चुरा होता. तो त्यानं टाकलाही नाही.

आई चहा घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिचा जीव कळवळला आणि ती समजूत घालायला म्हणून म्हणाली, "एवढं काही नव्हतं रे. फडकं बांधलं की काही कळायचंसुद्धा नाही. चपला होत्याच पायात."

काका उभा राहिला. आईवर त्यानं आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"दोन-तीन वर्षं तू चपला घालून स्वयंपाक केलास?"

"अरे, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं! रडलो असतो, खड्डा खणला असता, पाइप बदलला असता, संपलं असतं. आणि एखाद्या सकाळी तू त्या मोरीत पडलेली मला सापडली असतीस तर मला काय वाटलं असतं, ते नाही आलं तुझ्या मनात? माझं मन जपत बसलीस तू. कुणी सांगितलं होतं जपायला?"

खणणारी माणसं पहार टेकवून उभी राहिली. आईच्या हातातला ट्रे मी घेतला. ती म्हणाली, "तू येत नव्हतास. तक्रार घेऊन बोलवायचं तुला, ते मला नको होतं."

काका चहा न घेता परत ढिगावर बसला. थोड्या वेळानं लांब्याला म्हणाला, "पुढचं तू कर. माझा हात नको आता या घराला."

"काही गरज नाही," आई म्हणाली. डोळे पुसून ती एकदम सासू झाली होती. "माझ्या घरचा खड्डा तूच भरायचा. लांब्याभाऊ मोजतील. मी बघत बसते."

आणि ती खरंच बसली. घरातून खुर्ची आणून, खड्ड्याच्या काठावर, चपला काढून.

या वेळी पाइप नाही, तांब्याची प्लेट. खड्डा आणखी खोल नेला, खालची माती ओली लागेपर्यंत. प्लेट आडवी न टाकता उभी ठेवली, म्हणजे दोन्ही अंगांना माती नीट भिडते. तांब्याची पट्टी तिला तांब्याच्याच नट-बोल्टनं आवळली. लोखंडी बोल्ट लावला तर सांध्यात पुन्हा तोच गंज. मग कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. प्रत्येक थराला काका घमेलं पुढे करायचा, लांब्या बघायचा, मग ओतायचं. एकदा काकाचा हात पोत्याकडे जरा जास्तच वळला. आई म्हणाली, "पुरे." त्यानं हात मागे घेतला. पाणी ओतायला बारीक पाइप आणि नरसाळं बसवलं, वर माती ठोकून घेतली. लांब्यानं सळया ठोकून बटण दाबलं. दोनच्याही आत. गिझरची कॉइल बदलली, आणि गळती झाली की क्षणात पडणारा ब्रेकर मेन बोर्डात बसला. मी ओल्या हातानं फ्रीजवरचं फडकं उसवून काढलं.

मला वाटलं, झालं. पण काका जेवताना घास हातात धरून थांबला. "अजून आहेत," तो म्हणाला.

दुप्पट मीठ त्यानं फक्त आमच्याच खड्ड्यात घातलं नव्हतं. जिथे जिथे त्याचा जीव होता तिथे तिथे घातलं होतं. परक्यांच्या घरांना मापानं, आपल्यांच्या घरांना दुप्पट. म्हणजे परके लोक सुखरूप होते आणि आपली माणसं तेवढी गंजत्या पाइपांवर बसली होती. तो बोटं मोजायला लागला: थोरली बहीण. त्याला दोनदा पास करून घेणारे गणिताचे मास्तर. उस्तादाची विधवा मुलगी. काकीचं माहेर.

पुढचे काही दिवस तो आणि लांब्या यंत्र घेऊन फिरले, आणि मी, सुट्टी वाया घालवायची नाही म्हणून, त्यांच्या मागे. प्रत्येक दारात काका एकच वाक्य बोलायचा: "तुमच्या खड्ड्यात मी मीठ जास्त घातलंय, ते तपासायचंय." लाजेनं कान लाल झालेले, पण वाक्य बदललं नाही. मास्तरांनी चष्मा लावून विचारलं, "जास्त? आम्हाला? का रे?" काका म्हणाला, "असंच." निघताना मास्तर आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. बहुतेक आकडे वाईट निघाले. उस्तादाच्या मुलीकडे तर यंत्राचा आकडा शंभराच्या वर गेला, आणि काकानं तिथल्या तिथे तिचं पाणी तापवायचं विजेचं भांडं उचलून गाडीत ठेवलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरताना ती भलतीच झाली. शिंप्यानं काकाला रस्त्यात अडवलं. "आमच्याकडे कधी येताय?"

"तुमचं बरोबर आहे. मापात घातलंय."

"म्हणजे साधंच?" शिंप्याचा चेहरा पडला. "इतकी वर्षं तुमचे कपडे शिवतोय मी."

काकानं त्याला परोपरीनं समजावलं, की कमी मीठ म्हणजे भाग्य. शिंप्याला ते पटलं नाही. त्याचं जाऊ दे, काकीला तरी कुठे पटलं. शेवटी त्यांचं स्वतःचं घर राहिलं होतं. त्या दिवशी आईही आमच्याबरोबर आली. त्या घरी ती बऱ्याच दिवसांनी येत होती. काकीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळे मागच्या अंगणात झाकणाभोवती उभे राहिले. घर आमच्या घराच्या पुढच्याच वर्षीचं. पाइप त्याच लॉटमधला. लांब्यानं सळया ठोकल्या, बटण दाबलं.

"तीन," तो म्हणाला. "उत्तम आहे."

काकी आधी खूश झाली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "उत्तम म्हणजे? अहो, इथे मीठ किती घातलं होतं तुम्ही?"

"मापात."

"माझ्या माहेरी दुप्पट, वन्संकडे दुप्पट, मास्तरांकडे दुप्पट, आणि माझ्या घराला मोजून?"

लांब्या सळया उपटायला लगबगीनं लांब गेला. मला हसू आवरेना. काका मात्र हसला नाही. तो झाकणाजवळ वाकून नट घट्ट करत होता, आणि मान वर न करताच बोलला.

"इथे मी रोज असणार होतो," तो म्हणाला. "काही झालं तर बघायला मी होतोच. इथे जास्त कशाला घालायचं? जिथे मला रोज जायला जमणार नव्हतं, तिथे घातलं."

माझं हसू गेलं. आई खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होती. तो लहान असताना शर्टाचं बटण लावायला जवळ घ्यायची तेव्हा बघत असेल, तशी.

"मग यापुढे मीठ नको घालूस," ती म्हणाली. "तू येत जा."